छ २२ रमजान, सन समान खमसैन

जुन्या मोडी कागदाचे छायाचित्र आता कुणीही काढू शकतो. माळ्यावरच्या पेटीतली इनामाची सनद, वाटणीपत्र, महजर किंवा एखादे साधे पत्र खिडकीशी धरून मोबाइलवर टिपले जाते आणि लिप्यंतर करणाऱ्याकडे पाठवले जाते. उत्तरादाखल बाळबोध मजकूर येतो, त्याखाली आजच्या मराठीतला अर्थ आणि अगदी शेवटी एक बारीक टीप: ‘मूळ कागदावरील वर्ष सुहूर सनाचे, महिना व दिवस हिजरी चांद्रमानाचा, इंग्रजी तारीख ग्रेगोरियन पद्धतीने.’ वाचणारा बहुधा तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो, कारण त्याला पणजोबांच्या पणजोबांना जमीन कोणी दिली हे हवे असते. पण ती जमीन केव्हा दिली याचे उत्तर सर्वस्वी त्या टिपेवर अवलंबून असते आणि टिपेतल्या एकेका नावामागे काही शतकांचा प्रवास आहे. नमुन्यादाखल आपण पेशवाईच्या धाटणीची एक ओळ हाताशी ठेवू: ‘छ २२ रमजान, सु॥ समान खमसैन मया व अलफ.’ ही ओळ कुठून आली हे आधी पाहू, मग ती सोडवू.

प्रश्न मुळात शेतसाऱ्याचा होता. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यात अधिक महिना धरत नाहीत, म्हणून दर सौर वर्षागणिक ते साधारण अकरा दिवसांनी मागे सरकते. पीक मात्र सूर्याच्या आणि पावसाच्या हिशेबाने येते. त्यामुळे शेतकरी तेहेतीस हंगाम काढतो तोवर दप्तरात चौतीस वर्षे भरतात आणि न पिकलेल्या एका वर्षाचा सारा कागदावर उभा राहतो. ही अडचण दख्खनच्याही आधी बगदादच्या दरबाराला सतावत होती. अब्बासी खलीफा अल्-मुतझिद याने इ. स. ८९५ च्या सुमारास साऱ्याचे नववर्ष पुढे ढकलून जूनच्या अकरा तारखेला नेले, म्हणजे पीक हाती आल्याखेरीज वसुली सुरू होऊ नये. दिवस आणि महिने धर्माच्या पंचांगाचे, वसुलीचे वर्ष मात्र सूर्याचे, ही जोडणी अशी फार जुनी आहे. आपल्याकडचे वसुलीचे वर्षही जूनच्या सुरुवातीलाच बदलावे हा योगायोग मला गमतीचा वाटतो. अर्थात इथे कारण मृगाचे, तिथे गव्हाच्या कापणीचे.

दख्खनमधल्या या जोडणीचे श्रेय सामान्यतः मुहम्मद बिन तुघलकाला दिले जाते. दौलताबादला राजधानी नेणारा हाच सुलतान. सन नेमका केव्हा सुरू झाला याचा माग आकडेच देतात. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो आणि हा फरक शतकानुशतके तोच राहतो, कारण दोन्ही वर्षे सौर आहेत. हिजरी आणि इसवी यांच्यातला फरक मात्र सतत घटत जातो. तेव्हा हिजरी व इसवी यांत नेमके ५९९ चे अंतर कधी होते एवढेच शोधायचे. हिजरी ७४५ हे वर्ष १५ मे १३४४ रोजी सुरू झाले, आणि १३४४ मधून ७४५ वजा केले की ५९९ उरतात. म्हणजे त्या वर्षी हिजरीचा चालू आकडा उचलला आणि तिथून पुढे तो चंद्राऐवजी सूर्याच्या चालीने मोजायला सुरुवात केली. वर्ष पालटायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणूनच या सनाला मृगसाल हे दुसरे नाव पडले आणि कुणब्याला पंचांग न उघडताही नवे साल कळू लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १३४७ मध्ये, दिल्लीशी फारकत घेऊन बहमनी राज्य उभे राहिले. सुलतान गेला तरी त्याचा सन इथे राहिला.

बहमनीनंतर निजामशाही आणि आदिलशाही आली, तरी हा सन दप्तरातून हलला नाही. तो अक्षरी, अरबी संख्यावाचकांनी लिहिण्याची रीतही टिकली. त्यात आधी एकक, मग दशक, मग शतक आणि शेवटी हजार असा क्रम असतो. एकापासून नवापर्यंत इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. विसापासून नव्वदपर्यंत अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभराला मया, दोनशेंना मयातैन, हजाराला अलफ. मराठी कारकुनाच्या तोंडी हे शब्द इतके रुळले की अरबीचे अक्षरही न येणारा कुलकर्णी ते बिनचूक लिहून जाई. चूक होते ती आज वाचणाऱ्याची. मोडीच्या धावत्या हातात सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन, समान आणि समानीन यांत फक्त शेपटाचा फरक उरतो. कागदाची कड दुमडून ते शेपूट छायाचित्रात आले नाही, तर सात आणि सत्तर यांची गल्लत होते. क्रम ठाऊक असणारा मात्र सहसा फसत नाही: पहिला शब्द एककाचा, दुसरा दशकाचा.

सन १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि शाहजहानच्या मोगलांबरोबर दख्खनमध्ये फसली सन आला. कल्पना तीच, फक्त गाठ वेगळ्या वर्षी मारलेली. उत्तरेतला फसली अकबराच्या काळातल्या हिजरी ९६३ पासून सौर झाला होता. दख्खनचा फसली हिजरी १०४६ चा आकडा धरून सुरू झाला. त्यामुळे इथल्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, उत्तरेतल्या फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात आणि सुहूर सन दख्खनच्या फसलीपेक्षा सदैव नऊने मागे असतो. नुसते ‘फसली’ असे लिहिलेल्या टिपेवर म्हणूनच विसंबता येत नाही. कागद बऱ्हाणपूरचा की प्रयागचा, यावर दोन वर्षे इकडची तिकडे होतात.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाबरोबर आपला स्वतंत्र शक सुरू केला. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर हा त्याचा आरंभदिन, आणि पुढे दर वर्षी त्याच तिथीला त्याचा आकडा एकाने वाढे. फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही त्यांच्याच आज्ञेने रचला गेला. इतके असूनही हिशेबाच्या आणि वसुलीच्या कागदावर ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे १०७५ हा सन लिहिणे चालूच राहिले. मला हे धोरणातले वैगुण्य वाटत नाही. राज्याभिषेक शक सांगतो की सिंहासन कोणाचे. सुहूर सन सांगतो की सारा कोणत्या पिकाचा. गावचा पाटील, देशमुख आणि कारकून यांच्या मागल्या तीन शतकांच्या बाक्या त्याच सनात लिहिलेल्या होत्या, त्या मोडून नव्याने मांडण्यात कोणाचेच हित नव्हते.

पेशवाईत येईपर्यंत एका कागदावर दोन-तीन कालगणना शेजारी नांदू लागल्या होत्या. धार्मिक दानपत्रात शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, मास, पक्ष, तिथी आणि वार. छत्रपतींच्या आज्ञापत्रात राज्याभिषेक शक. जमाखर्चात सुहूर सन आणि चंद्र. आपल्या नमुन्यातला ‘छ’ हा त्या चंद्राचीच खूण, पुढे येणाऱ्या आकड्याला अरबी महिन्याची तारीख ठरवणारा. खासगी आणि राजकीय पत्रांची गोष्ट आणखी निराळी. त्यांत बहुतेकदा शेवटी ‘छ ७ साबान’ एवढेच असते, वर्ष नसतेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. अशा वेळी कागदाची पाठ कामी येते, कारण पत्र पोचल्यावर दप्तरात त्यावर पैवस्तीची नोंद होई: पत्र कोणत्या चंद्री मिळाले, आणि कधीकधी सनही. मोबाइलवर फोटो काढणारे पाठ कोरी समजून सोडून देतात, आणि मग अनुवादकाला पहिला निरोप पाठवावा लागतो तो उलट बाजूच्या फोटोसाठी.

आता आपली ओळ सोडवू. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११५८. घाईतला वाचक रमजान पाहून हा आकडा हिजरी समजतो. हिजरी ११५८ चा रमजान इ. स. १७४५ च्या शरदात येतो आणि तेव्हाही नानासाहेबच पेशवे असल्याने मजकुरात काही खटकतही नाही. खटकतो तो शिक्का. १७४५ मध्ये छत्रपती शाहू गादीवर होते. डिसेंबर १७४९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर पेशव्यांच्या शिक्क्यात रामराजांचे नाव आले. सनदेवर रामराजांचे नाव कोरलेला शिक्का असेल, तर ती १७४५ ची असूच शकत नाही. सुहूर धरून ५९९ मिळवले की १७५७ येते, आणि सुहूर ११५८ हे साल १७५७ च्या जूनमधल्या मृगापासून १७५८ च्या जूनमधल्या मृगापर्यंत चालते. शिक्का जुळतो, बारा वर्षांची चूक टळते.

इथवर बहुतेक सगळे पोचतात. पुढची पायरी अवघड आहे, आणि हीच तारीख मी मुद्दाम निवडली ती त्यासाठीच. मृगसाल ३६५ दिवसांचे, त्यात बसवलेले चांद्र महिने ३५४ दिवसांत संपतात. उरलेल्या अकरा दिवसांत काही तारखा दुसऱ्यांदा येतात. सन ११५८ लागला तेव्हा हिजरी ११७० चा रमजान निम्मा उलटला होता. साल संपत आले तेव्हा हिजरी ११७१ चा रमजान जवळजवळ पुरा होत होता. म्हणून ‘२२ रमजान’ एकाच सुहूर वर्षात दोनदा येतो: एकदा १० जून १७५७ ला आणि दुसऱ्यांदा ३० मे १७५८ ला. दोन्ही तारखांना ‘समान खमसैन’ हाच सन बरोबर आहे. कारकुनाने काही चुकवलेले नाही. त्याच्या समोर त्या दिवशी एकच रमजान होता.

निवड करायची तर कागदाकडेच परत जावे लागते. वार दिला असेल तर काम सोपे, कारण पहिली तारीख शुक्रवारची आणि दुसरी मंगळवारची. मात्र चंद्रदर्शन एक दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते, म्हणून गुरुवार वा शनिवार दिसला तरी पहिलीकडेच झुकायचे. वार नसेल आणि तिथी असेल तर महिना पाहावा. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की अरबी महिना लागतो, त्यामुळे छ २२ म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस. १७५७ मध्ये ती अष्टमी ज्येष्ठातली, १७५८ मध्ये वैशाखातली. संवत्सराचे नाव असेल तर शंकाच उरत नाही: मधल्या काळात गुढीपाडवा होऊन गेलेला असल्याने पहिली तारीख शके १६७९, ईश्वर संवत्सरात पडते आणि दुसरी शके १६८०, बहुधान्य संवत्सरात. यांपैकी काहीच नसेल तर मजकूर बोलतो. सालाच्या नव्या कमावीसदाराची नेमणूक असेल तर साल उघडतानाची तारीख अधिक संभवते, सरत्या सालाची बाकी झाडून भरण्याची ताकीद असेल तर साल सरतानाची. तेही नसेल तर प्रामाणिक अनुवादक दोन्ही तारखा छापतो. टिपेत दोन तारखा पाहून काही जणांना अनुवादक कच्चा वाटतो. माझ्या मते या ओळीसाठी एकच तारीख बेधडक देणाराच संशयास्पद.

या उलगड्याची गरज आधी पडली ती इतिहासकारांना नव्हे, सरकारला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामे खरी कोणती आणि बनावट कोणती हे ठरवण्यासाठी इनाम कमिशन बसले, १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला बळ मिळाले, आणि सनदेची तारीख हा दाव्याचा कणा ठरला. इसवी, शक, हिजरी, सुहूर आणि फसली यांचा मेळ घालून देणाऱ्या जंत्र्यांची गरज त्यातून वाढली. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री मराठी संशोधकांच्या टेबलावर आली आणि १८९६ मध्ये रॉबर्ट सिवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय कालगणनेवरचा तो मोठा इंग्रजी ग्रंथ काढला, ज्यात सुहूर आणि दोन्ही फसली सनांच्या रीती नीट सांगितल्या आहेत. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. १७५० ते १७६१ ची ही पत्रे बहुतांशी वर्षाविनाच होती. एकेक पत्र त्यातल्या घडामोडींवरून जागेवर बसवावे लागले. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. छापील पत्राशेजारी संपादकाने दिलेली शक आणि इसवीची तारीख आज आपल्याला सहज वाटते, पण आपल्या फोटोखालच्या टिपेची ती थेट पूर्वज आहे.

त्या संपादकांनी एक गोष्ट मात्र पुष्कळदा अध्याहृत ठेवली, आणि तिचा त्रास अजून होतो. ‘इसवी तारीख’ म्हणजे कोणती? इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ च्या सप्टेंबरात घेतले. त्याआधी मुंबईची त्यांची वखार ज्युलियन तारखा लिही. पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच, नव्या पंचांगावर गेले होते. म्हणून एकाच कोकणपट्टीत, एकाच दिवशी, गोव्याच्या आणि मुंबईच्या पत्रांवरच्या तारखांत सतराव्या शतकात दहा दिवसांचे आणि १७०० नंतर अकरा दिवसांचे अंतर पडे. वसईच्या शरणागतीचे पोर्तुगीज कागद १६ मे १७३९ चे. त्या दिवशी मुंबईतल्या इंग्रजाच्या लेखी ५ मे होता, आणि चिमाजी अप्पांच्या छावणीतल्या कारकुनाच्या लेखी मृग लागायचा असल्याने अजून ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३९ चालू होता. आपण पाठ केलेल्या १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४ या तारखाही ज्युलियन आहेत. ग्रेगोरियन हिशेबाने त्या १ मार्च आणि १६ जून होतात. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ मात्र ग्रेगोरियन. एकाच पुस्तकात, एकाच तक्त्यात या तारखा शेजारी छापतात आणि त्यांत दहा दिवसांची सांधेबदल झाली आहे हे कुठे सांगत नाहीत. म्हणून चांगला अनुवादक मूळ कालगणनेचे नाव देऊन थांबत नाही. ज्या पंचांगात तारीख उतरवली त्याचेही नाव लिहितो.

आपल्या नमुन्यापुरती ती टीप अशी होईल: ‘छ २२ रमजान, सुहूर सन ११५८ (मृगसाल, अक्षरी, अरबी संख्यावाचकांत). समांतर हिजरी ११७० किंवा ११७१. ग्रेगोरियन १० जून १७५७ किंवा ३० मे १७५८. चंद्रदर्शनामुळे एक दिवसाचा फरक संभवतो. कागदावर वार, तिथी वा संवत्सर नाही. उलट बाजूचे छायाचित्र पाहिलेले नाही.’ यातले शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण पुढे कुणाला त्या कागदाची पाठ सापडली, तर याच वाक्यामुळे तो थेट तिथेच शोधू लागेल.

या प्रवासात स्वतंत्र भारतानेही एक थांबा वाढवला. २२ मार्च १९५७ पासून सरकारने राष्ट्रीय पंचांग स्वीकारले: महिन्यांची नावे चैत्र, वैशाख तीच आणि वर्षाचा आकडाही शकाचा, पण महिने सौर, तिथी-पक्ष नाहीत आणि वर्षारंभ २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर आजही इंग्रजी तारखांच्या जोडीला ‘चैत्र ७–१३, शके १९४१’ अशी नोंद असते. लग्नपत्रिकेतला चैत्र आणि राजपत्रातला चैत्र एकाच दिवशी सुरू होत नाहीत. पत्रिकेतल्या चैत्राला शुद्ध-वद्य असते, राजपत्रातल्या चैत्राला नुसता दिवसाचा आकडा. नुसते ‘शके’ लिहिलेले राजपत्राचे ते पान आणखी दोनशे वर्षांनी कुणी टिपले, तर त्याच्या अनुवादकाला आधी हाच फरक पाहून शक कोणता ते ठरवावे लागेल.